वायफायची रिकामी यादी

माझ्या दुकानाच्या बोर्डावर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म खात्रीशीर भरून मिळतील’ असं लिहिलेलं आहे. ‘खात्रीशीर’ हा शब्द मी हट्टाने घालायला लावला. पेंटर म्हणत होता, जागा पुरत नाही. मी म्हटलं, मग ‘सर्व प्रकारचे’ बारीक लिही. आता ते इतकं बारीक आहे की लोक फक्त ‘ऑनलाइन फॉर्म खात्रीशीर’ एवढंच वाचतात आणि आत येतात.

घाटंजीत बसस्टँडपासून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं हे दुकान. एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, वर माळ्यावर लाल-हिरवा लुकलुकणारा राउटर, आणि समोर गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. आधी इथेच मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो. क्लास बंद पडला, पण ‘सर’ ही पदवी राहिली. घाटंजीत एकदा सर झालेला माणूस पुढे काहीही करो, तो सरच राहतो.

आता धंद्यातली गंमत सांगतो. गंमत म्हणजे माझ्यासाठी. तुम्ही माझ्याकडे फॉर्म भरायला आलात की मी तुमचं खातं उघडतो. त्यात मोबाईल नंबर टाकतो माझा. पासवर्डही ठेवतो माझा. आमच्या धंद्यात बहुतेक जण हेच करतात, आणि विचारलं तर सांगतात की गिऱ्हाईक नंबर बदलतं, सिम हरवतं, पासवर्ड विसरतं, म्हणून सोयीसाठी. सोय खरी अशी की फॉर्मच्या पुढच्या प्रत्येक पायरीला तुम्हाला माझ्याच दारात यावं लागतं. दुरुस्ती असो, यादी असो, प्रिंट असो, चावी माझ्या खिशात. आणि दोनशे-तीनशे लोकांचे वेगवेगळे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? म्हणून मी सगळ्यांना एकच दिला होता. माझं स्वतःचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. नेरच्या माणसालाही तोच, पांढरकवड्याच्या बाईलाही तोच.

हे लक्षात ठेवा. ज्या दिवसाबद्दल मी सांगणार आहे, त्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मला हा पासवर्ड तोंडपाठ होता.

त्या दिवशी बाजार होता. दुकान उघडलं, लॅपटॉप सुरू केला, तर निळ्या पडद्यावर गोल फिरू लागला. ‘अपडेट होत आहे. संगणक बंद करू नका.’ मी बंद करणार नव्हतोच. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापूर्वी मेली होती आणि तो फक्त वायरीवर जगत होता, हे अपडेट करणाऱ्यांना कुठे माहीत? अपडेट अर्ध्याच्या पुढे गेलं आणि लाइट गेली. पडदा काळा. मी प्रिंटरवर हात मारून लाइटवाल्यांच्या खानदानाची आठवण काढली.

पंधरा मिनिटांनी लाइट आली. लॅपटॉप पुन्हा उठला. आता तो म्हणाला, ‘बदल मागे घेतले जात आहेत.’ बराच वेळ घेत राहिला. शेवटी पडदा आला, माझा नेहमीचा फोटो आला, फाइली आल्या. मी हुश्श केलं. इतक्यात दारात बाप-लेक उभे.

बाप जिनिंगमध्ये हमाल. कापसाचे पांढरे तंतू त्याच्या भुवयांत अडकलेले असतात, अंघोळ करूनही निघत नाहीत. मुलगी बारावी झालेली. दोन महिन्यांपूर्वी तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला होता. हातात छापील कागद, अंगात इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस.

“सर, पोरीची जागा लागली,” बाप म्हणाला. “सरकारी कॉलेजात. दुसऱ्या यादीत नाव आलं.”

“अरे वा, भाऊ! पेढे कुठं हायेत?”

“पेढे आणतो ना, आधी थे जागा पक्की करून द्या.”

मुलीने कागद पुढे केला. जागा लागली, पण नुसती लागून चालत नाही. खात्यात जाऊन ‘जागा स्वीकारली’ असं बटण दाबायचं, सही केलेलं हमीपत्र चढवायचं. मुदत आज संध्याकाळी पाच. पाचपर्यंत झालं नाही तर जागा यादीतल्या खालच्या मुलीला. कागदावर हे ठळक अक्षरात होतं, आणि मुलीने त्याच्याखाली पेनने रेघही ओढली होती.

“दहा मिनिटाचं काम,” मी म्हटलं. “बसा.”

ब्राउझर उघडला. पान येईना. ‘इंटरनेट नाही.’ खाली कोपऱ्यात वायफायचं पंख्यासारखं चिन्ह असतं, तिथे पृथ्वीचा गोळा आणि त्यावर आडवी रेघ. क्लिक केलं. एरवी तिथे आजूबाजूची सगळी वायफायं रांगेत दिसतात. माझं, पतसंस्थेचं, मेडिकलवाल्याचं, वरच्या मजल्यावरच्या वकिलाचं. त्या दिवशी काहीच नाही. वायफायचं बटणसुद्धा गायब. फक्त विमानाचं चित्र, फ्लाइट मोड म्हणून. ते मी दाबलं, पुन्हा दाबलं. विमान उडालं, उतरलं, वायफाय आलं नाही.

“राउटर गेलं,” मी निदान केलं. स्टुलावर चढलो, राउटरची पिन काढली, वीसपर्यंत मोजलं, परत लावली.

“सर,” मुलगी म्हणाली, “माह्या मोबाईलवर तर तुमचं वायफाय दिसून राह्यलं. पूर्ण कांड्या हायेत.”

हे वाक्य ऐकून ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंही कळतं तो माणूस स्टुलावरून खाली उतरला असता. मोबाईलला दिसतं म्हणजे राउटर ठीक, दोष लॅपटॉपमध्ये. मीही खाली उतरलो, पण वेगळ्या कारणाने.

“पोरी, तू फॉर्म भरायले आली का मले शिकवायले?”

“नाई सर, मी फक्त…”

“गप राह्य व,” बाप तिला म्हणाला. “सरले समजते.”

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त गुरुजी बसलेले होते. ते मला चौथीला होते आणि अजूनही अरे-तुरे करतात. पेन्शन चालू राहावी म्हणून जिवंत असल्याचा दाखला द्यायला आले होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “काय रे, मी जिवंत हाओ हे सांगायले आलतो, अन् तुहा लॅपटॉपच मेला का?”

दुकानात हशा झाला. बाजाराचा दिवस, त्यामुळे दारात चार रिकामी माणसं उभी असतातच. माणूस हसण्याने मरत नाही, पण माझ्यासारखा माणूस हसण्यामुळे दुसऱ्याला मारू शकतो. ते त्या दिवशी कळलं. तेव्हा नाही, नंतर.

मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. त्यात लॅपटॉपचे सगळे अवयव ओळीने लिहिलेले असतात. नेटवर्कच्या ओळीत वायफाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. दोनदा क्लिक केलं. ‘हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड दहा.’

आता मला कळलं. ड्रायव्हर. वायफायचं कार्ड हे यंत्र, आणि विंडोजला त्याच्याशी बोलायला मध्ये एक दुभाषी लागतो, तो ड्रायव्हर. अपडेटने जुना दुभाषी काढून नवा बसवायला घेतला, अर्ध्यात लाइट गेली, आणि नवा दुभाषी अर्धवट जीभ घेऊन बसला. कार्ड ठणठणीत, राउटर ठणठणीत, पण दोघांत बोलणं बंद. म्हणून यादी रिकामी.

तिथेच ‘ड्रायव्हर’ नावाच्या टॅबवर एक बटण असतं, रोल बॅक. म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. जुना ड्रायव्हर लॅपटॉपने जपून ठेवलेला असेल तरच ते बटण उमटतं. त्या दिवशी ते उमटलेलं होतं. दाबा, हो म्हणा, रीस्टार्ट करा. बहुतेक पाच मिनिटांत वायफाय आलं असतं.

मी ते दाबलं नाही. का, हे आजही नीट सांगता येत नाही. गुरुजी मागून बघत होते, दारातली माणसं बघत होती, आणि ‘मागे जा’ म्हणणारं बटण दाबणं मला हार मानल्यासारखं वाटलं. मला काहीतरी जोरदार करून दाखवायचं होतं. त्याच्या खाली ‘अनइन्स्टॉल’ होतं. दाबलं. त्याने विचारलं, ‘या उपकरणाचा ड्रायव्हरही काढून टाकायचा का?’ शेजारी चौकोन. मी चौकोनावर बरोबरची खूण केली. अगदी ऐटीत.

“आता मुळापासून साफ,” मी दुकानाला जाहीर केलं. “चालू केलं का आपोआप नवीन येते.”

साफ झालंच. चालू केल्यावर वायफाय कार्डाचं नावसुद्धा गेलं. त्या जागी ‘इतर उपकरणे’ आणि त्याखाली ‘नेटवर्क कंट्रोलर’, पुन्हा पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर नाही. रोल बॅक नाही, कारण मागे जायला काही उरलंच नव्हतं. मी ‘ड्रायव्हर शोधा’ दाबलं. त्याने सांगितलं, इंटरनेटला जोडा. म्हणजे इंटरनेट आणायला इंटरनेट पाहिजे. नेटची वायर सरळ लॅपटॉपमध्ये घालावी तर माझा लॅपटॉप पातळ, त्याला ते छिद्रच नाही. तोच पातळपणा दाखवायला मी तो घेतला होता.

बारा वाजून गेले होते. बाप खालीच टेकला होता. बाकड्यावर बस म्हटलं तर म्हणे, कपड्याले कापूस लागला हाये, बाकडं खराब होईल.

मुलगी टेबलाजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “सर, मोबाईलवरून नाई होत का थे? मले पासवर्ड सांगा ना. वेबसाइट मोबाईलवर उघडून राह्यली.” तिने मोबाईल माझ्याकडे वळवला. खरंच उघडली होती. खात्याचा क्रमांक भरलेला, पासवर्डची चौकट रिकामी. “ओटीपी तुमच्या नंबरवर येईल, तुम्ही फक्त वाचून दाखवा. हमीपत्राचा फोटो मी काढतो.”

आमच्याकडे पोरीसुद्धा ‘काढतो’च म्हणतात.

पाच मिनिटांचं काम होतं. माझा फोन खिशात चालू होता. पासवर्ड ओठांवर होता. पण तो पासवर्ड हिला दिला की सगळ्यांचा दिला. तिने मैत्रिणीला सांगायचं, मैत्रिणीने तिच्या खात्यात टाकून बघायचं, आणि आठवड्याभरात अख्ख्या तालुक्याला कळायचं की सरांच्या तिजोरीला एकच किल्ली आहे आणि ती म्हणजे सरांचं नाव. धंदा तर जाईलच, वर लोक नाव घेऊन हसतील.

“हे काम मोबाईलवर होत नाही,” मी म्हटलं.

“पण उघडली ना सर…”

“उघडते. पक्कं होत नाही. अर्ध्यात अटकलं तर खातं लॉक होते, अन् मग जागा कायमची जाते. घ्याची का रिस्क? सांग. भाऊ, घ्याची का रिस्क?”

बाप घाबरून उठला. “नाई नाई सर. तुमच्या हिशोबानं करा. ही पोरगी लय चाबरी हाये. मोबाईल ठेव व आत.”

तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला. मी इतकं सफाईने खोटं बोललो की माझाच माझ्यावर विश्वास बसला. दुपारभर मलाही वाटत होतं, हे काम मोबाईलवर होत नाही.

समोर रस्त्यापलीकडे मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणारा माझा जुना विद्यार्थी. क्लासमध्ये असताना त्याने एकदा कॉम्प्युटरचा डबा स्क्रूड्रायव्हरने उघडला होता, आत काय असतं ते बघायला. मी त्याला सगळ्यांसमोर कान धरून बाहेर उभं केलं आणि म्हटलं, “तू कबाडीच होशील.” पुढे त्याने दुकान टाकलं आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो, पाहा, मी म्हटलं होतं, कबाडी झाला. तो हे ऐकून होता. रस्ता काही इतका रुंद नाही.

गुरुजी म्हणाले, “अरे, समोरच्याले बोलाव ना. त्यालेच तर येते हे.”

“त्याले काय येते, गुरुजी? मोबाईलच्या काचा लावते थो.”

“तुले तर काचही लावता येत नाही.”

पुन्हा हशा. या वेळी बापही हसला, आणि लगेच माझ्याकडे बघून थांबला. तो थांबला म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

मग मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. लॅपटॉप पाच वेळा बंद-चालू केला. समस्या शोधणाऱ्या हत्याराला समस्या शोधायला लावली, त्याने सांगितलं, ‘ड्रायव्हर नाही.’ धन्यवाद. कपाट उलटं करून एक जुनी सीडी शोधली. ती प्रिंटरची निघाली. आणि लॅपटॉपला सीडी घालायची फटही नव्हती. गुरुजी तीनच्या सुमारास उठले. “मी सध्या तरी जिवंत हाओ, उद्या पाहू,” म्हणून निघून गेले.

बापाने मध्ये एकदा विचारलं, “सर, जिनिंगवर दुपारची पाळी हाये. जाऊन येऊ का?”

“जा की. पण सही लागली अन् तुम्ही नसले तं मी जबाबदार नाही.”

पालकाची सही हमीपत्रावर सकाळीच झालेली होती. कशाचीही गरज नव्हती. तो बसून राहिला. एक पाळी बुडाली. मी त्याला का बसवून ठेवलं? एकट्याने हरायचं नव्हतं, एवढंच.

साडेचार वाजून गेल्यावर मुलगी उठली आणि न विचारता रस्ता ओलांडून गेली. बाप मागून हाक मारत होता, “कुठं चालली व?” तिने वळून पाहिलं नाही. दोन मिनिटांत ती माझ्या जुन्या विद्यार्थ्याला घेऊन आली. तो हात पुसत आला, दारात चपला काढल्या. क्लासमध्ये चपला बाहेर काढायचा नियम होता, तो त्याच्या अंगात अजून होता.

“काय झालं सर?”

“काही नाही. किरकोळ हाये.”

त्याने उभ्याउभ्या पडदा पाहिला. “ड्रायव्हर उडवला का? टिक करून?” आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. “सर, तुमचा मोबाईल द्या. वायरीनं लावून युएसबी टेदरिंग करू. त्याले वायफायचं कार्ड लागत नाही, मोबाईलच नेटवर्क कार्ड होते. लगेच नेट येते.”

इतकं सोपं. माझा फोन, माझी वायर, माझं टेबल. सकाळपासून सगळं तिथेच होतं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “अन् फोनमधला व्हायरस लॅपटॉपमध्ये आला तं?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे. वीस मिनिटं होती.

“सर, व्हायरस नाही येत असा.”

“मले शिकवू नको. मी तुले शिकवलं.”

“हो सर. तुम्हीच शिकवलं.” त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. “पण मुदत पाचची हाये म्हणते ही.”

मी खुर्चीतून उठलो नाही. माझ्या खुर्चीत बसायचं नाही, माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही, तू सांग, मी करतो. त्यावर आमची पाच-सात मिनिटं गेली. शेवटी मी खिशातून फोन काढला, चार्जरची वायर लावली. फोन चार्ज होऊ लागला. टेदरिंगचं बटण फिकट, दाबताच येईना.

“ही वायर फक्त चार्जिंगची हाये सर. डेटा नेत नाही. बाजारातली घेतली का?”

बाजारातलीच होती. दारातल्या माणसांना ते फार आवडलं. एक जण म्हणाला, “सरचं सगळंच बाजारातलं हाये.” माझा विद्यार्थी चपला न घालता रस्ता ओलांडून पळाला, वायर घेऊन पळत आला. भाजीच्या गाड्याला धडकला, कुणीतरी शिवी घातली. पाचला सहा मिनिटं.

वायर लावली. बटण पेटलं. लॅपटॉपने टुण्ण केलं आणि कोपऱ्यातल्या पृथ्वीवरची आडवी रेघ नाहीशी झाली. पान उघडलं. मुलीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

पासवर्डची चौकट आली. मी थांबलो.

“तिकडं पाह्य जरा,” मी विद्यार्थ्याला म्हटलं. “अन् तूही व. गोपनीय राहते हे.”

दोघांनी माना फिरवल्या. मी डाव्या हाताने कीबोर्ड झाकला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा केलं. पुन्हा चुकीचा. स्वतःचं नाव मी दोनदा चुकीचं लिहिलं. तिसऱ्या वेळी हात काढला, सरळ लिहिलं, बरोबर निघालं. ओटीपी मागितला. मेसेज आला, पण फोन वायरीला बांधलेला, उलटा पडलेला. मी उचलायला गेलो तर वायर ताणली, निघाली, नेट गेलं. विद्यार्थ्याने झडप घालून परत लावली. टेदरिंग परत चालू केलं. पान पुन्हा पहिल्यापासून.

सगळं पार करून ‘जागा स्वीकारा’च्या पानावर पोहोचलो तेव्हा तिथे ते बटण नव्हतं. एक तांबडी पट्टी होती. ‘या फेरीची मुदत संपली आहे.’ लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाच वाजून एक मिनिट.

दारातली माणसं पांगली. गंमत संपली की आमच्याकडे माणसं फार लवकर पांगतात. माझा विद्यार्थी काहीतरी करायला हवं म्हणून कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवू लागला. कधी तो माझ्या खुर्चीजवळ वाकून माझ्या कीबोर्डवर काम करू लागला, माझ्या लक्षातही आलं नाही. पाच-सात मिनिटांत त्याने तो बसवला. पिवळा त्रिकोण गेला. कोपऱ्यात पंखा उमटला, आणि यादी आली, एकाखाली एक. माझं, पतसंस्थेचं, मेडिकलवाल्याचं, वकिलाचं. सकाळपासून सगळी तिथेच होती.

“काय झालं सर?” बाप खालून उठत म्हणाला. त्याला वाचता येत होतं, पण पडद्यावरचं नाही. “झालं का?”

मी पडद्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“भाऊ, काय सांगू,” मी म्हटलं. “सर्व्हर डाऊन हाये. सकाळपासून. सरकारी सर्व्हर म्हटलं का असंच. आपण तर दिवसभर झटलो, तुम्ही पायलंच.”

माझ्या विद्यार्थ्याचे हात कीबोर्डवर थांबले. त्याने मान वर केली. मी त्याच्याकडे पाहिलं, क्लासमध्ये पाहायचो तसं. त्याने मान खाली घातली आणि आपली वायर गुंडाळायला लागला. एवढा मोठा झालेला माणूस, स्वतःचं दुकान असलेला, दोन लेकरांचा बाप, अजून माझ्या नजरेला घाबरत होता. त्याचं मला बरं वाटलं. हेही लिहून टाकतो.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “सर्व्हर चालू होता. माह्या मोबाईलवर…”

“चूप.” बापाचा आवाज चढला. दिवसभरात पहिल्यांदा. “तुह्यापायी सर उपाशी बसले दुपारपासून. माणसाले थोडी तरी लाज राहते.”

“बाबा, आयका तर…”

“नशिबात नव्हतं. सर काय करतीन?”

मी उपाशी नव्हतो. चार वाजता मी तिच्यासमोर बसून समोसा खाल्ला होता, दोन. तिने ते बापाला सांगितलं नाही. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. रडत नव्हती. हातातल्या कागदाची घडी ती पुन्हा पुन्हा घालत होती, रेघ ओढलेली बाजू आत जाईल अशी.

“पुढल्या वर्षी पुन्हा भरू,” मी म्हटलं. “मी हाओ ना. खातं तर आपल्याकडंच हाये.”

बापाने दोन्ही हात जोडले. भुवयांतला कापूस घामाने चिकटला होता. “लय उपकार केले सर. आमच्यासाठी कोणी येवढं करत नाही.” मग लेकीकडे वळून म्हणाला, “पाया पड सरच्या.”

ती हलली नाही.

“पड म्हणतो ना.”

मी पाय मागे घेऊ शकलो असतो. ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, मीही एरवी म्हणतो. त्या दिवशी म्हणालो नाही. पाय मागे घेतले असते तर काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी खुर्ची थोडी वळवली आणि पाय टेबलाखालून बाहेर काढले.

ती वाकली. तिचे हात माझ्या चपलांपासून वीतभर वर थांबले, तिथेच क्षणभर राहिले, आणि ती सरळ उभी राहिली. बापाच्या जागेवरून ते दिसण्यासारखं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याला दिसलं. मला दिसलं.

“सुखी राहा,” मी म्हटलं.